येण्याआधी कळवावे

‘विषय : घरात येण्याआधी कळवण्याची पद्धत ठरवण्याबाबत.’

भाडेकरूने घरमालकाला लिहिलेल्या पत्राची ही पहिली ओळ. अशा पत्रांचा विषय बहुधा ‘परवानगीशिवाय घरात शिरण्याबाबत’ असा असतो. तो वाचला की समोरचा माणूस पहिल्या ओळीतच आरोपी होतो आणि पुढची दोन पानं तो उत्तर शोधत वाचतो. इथे विषय झालेल्या गोष्टीचा नाही, व्हायच्या गोष्टीचा आहे. ‘पद्धत ठरवण्याबाबत’ म्हटल्यावर वाचणाऱ्याला वाटतं, आपल्यालाही काही ठरवायचं आहे. तक्रार पत्रात आहे, चांगली ठसठशीत आहे, पण ती दाराशी न थांबता आतल्या खोलीत बसली आहे.

पत्र पुण्यातलं, कोथरूडमधलं. लिहिणारी एका रुग्णालयात परिचारिका आहे. महिन्यातले काही दिवस तिला रात्रपाळी असते. दुसऱ्या मजल्यावर वन बीएचकेमध्ये ती एकटी राहते. घरमालक त्याच इमारतीत, बरोबर तिच्या खाली, पहिल्या मजल्यावर राहतात. वय सत्तरीपुढचं, स्वभाव मदतीचा, आणि फ्लॅटची दुसरी चावी त्यांच्या टीव्हीशेजारच्या खिळ्यावर. नावं गाळून लिहायला तिची हरकत नाही, म्हणून हे लिहितो आहे. फुलस्केपची दीड पानं आहेत, निळ्या शाईत, हाताने लिहिलेली. मायना ‘श्री. … काका यांस, स. न. वि. वि.’ असा. ‘श्री.’ करारातला, ‘काका’ जिन्यातला. दोन्ही एका ओळीत ठेवून तिने नातं जसं आहे तसं मांडलं, आणि पुढे कुठेही ‘काका’चा आधार घेऊन लाडीगोडी केली नाही, की ‘श्री.’चा आधार घेऊन तोराही मिरवला नाही.

झालं काय होतं, ते दुसऱ्या परिच्छेदात आहे. तो सबंध देतो.

‘गेल्या मंगळवारी दुपारी सव्वादोनच्या सुमाराला मी रात्रपाळीहून येऊन झोपले होते. लॅच उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तर तुम्ही आणि प्लंबर बाथरूममध्ये होतात. तुम्ही बेल वाजवली होती असं म्हणालात. वाजवलीच असेल, मला ऐकू आली नाही. त्याआधी जुलैत पाऊस आत येतो म्हणून तुम्ही स्वयंपाकघराची खिडकी लावून गेलात. ती मला घरी आल्यावर लावलेली दिसली. त्याबद्दल आभार. आणि गणपतीत तुम्ही पाहुण्यांना घर दाखवायला आणलंत तेव्हा मी घरात नव्हते; पलंगावर कपडे पसरलेले होते.’

यात एकही विशेषण नाही. ‘धक्का बसला’ नाही, ‘असुरक्षित वाटलं’ नाही, ‘अत्यंत अयोग्य’ नाही. जे ऐकू आलं आणि जे दिसलं तेवढंच लिहिलं आहे: लॅचचा आवाज, बाथरूममधली दोन माणसं, लावलेली खिडकी. रुग्णाच्या कागदावर नोंदी करणारा हात इथे ओळखू येतो. अशा नोंदीचा फायदा असा की तिच्याशी वाद घालता येत नाही. ‘तुम्ही मला घाबरवलंत’ असं लिहिलं असतं तर काका म्हणाले असते, ‘अगं, मी कशाला घाबरवीन तुला?’ आणि संभाषण काकांच्या हेतूवर गेलं असतं. हेतू चांगलाच होता. त्यावर बोलायला लागलं की भाडेकरू हरते.

बेलचं वाक्य पुन्हा वाचा. ‘वाजवलीच असेल’ यातला ‘च’ उदार आहे. काकांच्या सांगण्यावर शंका घ्यायला जागा होती, ती तिने घेतली नाही. पण तेवढ्याच सहजपणे पुढे ‘मला ऐकू आली नाही’ असं लिहून तिने बेलचा उपयोग किती, तेही दाखवून दिलं. बेल घरात कोणी आहे का ते विचारते. आत येऊ का, हे विचारत नाही. उत्तर आलं नाही तर बाहेरचा माणूस त्याचा अर्थ ‘घरात कोणी नाही, आता चावी लावायला हरकत नाही’ असा घेतो. म्हणजे उत्तर न येणं हेच आत शिरण्याचं कारण ठरतं. पत्रातला पुढचा सगळा नियम हा अर्थ उलटा करण्यासाठी लिहिलेला आहे, आणि त्याची सुरुवात या साध्या वाक्यात होऊन गेली आहे.

खिडकीची गोष्ट मला या परिच्छेदातली सगळ्यात अवघड वाटते. प्लंबरवर आक्षेप घेणं सोपं आहे. पाहुण्यांवर घेणं त्याहून सोपं. पण पावसात कोणी तुमची खिडकी लावली, ओटा भिजू दिला नाही, तर तक्रार कशाची करायची? बहुतेकांनी ही घटना पत्रातून गाळली असती, कारण ती आपल्या बाजूने बोलत नाही. तिने ती ठेवली आणि आभारही मानले. पण ठेवली ती तक्रारींच्या रांगेतच, मधोमध. मायेने केलेला प्रवेशही न विचारता केलेलाच प्रवेश असतो, हे तिने सांगितलं नाही, जागा देऊन दाखवलं. आणि घटना काळाच्या क्रमाने लावलेल्या नाहीत, हेही पाहा. सगळ्यात ताजी आधी, मग जुलै, मग गणपती. शेवटी उरतात ते पलंगावरचे कपडे. कोणाचे, कोणते, पाहुणे काय म्हणाले, काही नाही. अर्धविरामानंतर चार शब्द आणि पूर्णविराम. तिथे काकांनी थांबून काय वाटून घ्यायचं ते त्यांच्यावर सोडलं आहे.

यानंतर पत्र एकदम वळतं.

‘घर तुमचं आहे, राहणं माझं आहे. दुसरी चावी तुमच्याकडे असावी हे मलाही हवं आहे. पाइप फुटला, वायरिंग जळालं, तर मी ड्युटीवर असताना तुम्हीच धावणार. माझी विनंती चावीबद्दल नाही, ती कधी वापरायची त्याबद्दल आहे.’

‘घर तुमचं आहे, राहणं माझं आहे’ हे वाक्य ज्याला पत्र दाखवावं त्याला आवडतं. मला ते थोडं गोटीबंद वाटतं, सुविचाराच्या फळ्यावर शोभण्यासारखं. माझी पसंती त्याच्या पुढच्याला. दुसरी चावी तुमच्याकडे असावी, ‘हे मलाही हवं आहे.’ या प्रकारच्या भांडणात काकांना खरी भीती चावी जाण्याची असते. मुलगी उद्या लॅच बदलेल, आपल्याच घरापुढे आपण पाहुण्यासारखे उभे राहू, ही ती भीती. पत्र ती पहिल्याच झटक्यात काढून टाकतं. एकदा चावी राहणार हे ठरलं की उरलेली मागणी लहान दिसते, आणि खरोखरच ती लहान आहे.

लॅच बदलणं तिला सुचलं नव्हतं असं नाही. मैत्रिणींनी तेच सांगितलं होतं. पण करारात घरात काही फेरबदल करायचा तर मालकाची संमती लागते, आणि गुपचूप लॅच बदललं तर ज्या सवयीवर आपला आक्षेप, तीच आपण केल्यासारखं होतं. शिवाय ती ड्युटीवर असताना खरंच नळ तुटला तर दार फोडावं लागेल. दिवसा झोपताना आतून कडी लावणं हा दुसरा उपाय, आणि ती आता लावतेही. पण कडी ती घरात असतानाच कामाची. गणपतीतल्या पाहुण्यांना कडीने अडवलं नसतं.

इथे थोडं कायद्याकडे वळायला हवं, कारण पत्राचा पुढचा परिच्छेद त्याशिवाय पुरता कळत नाही. आपल्याकडे घर भाड्याने देतात ते बहुतेक वेळा ‘लिव्ह अँड लायसन्स’वर. लायसन्सची व्याख्या १८८२च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. दुसऱ्याच्या मालमत्तेत एखादी गोष्ट करण्याची परवानगी, जिच्यामुळे त्या मालमत्तेत कसलाही हक्क निर्माण होत नाही, असा तिचा आशय. करारातही भाडेकरूपणाचा हक्क उत्पन्न होत नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. घरमालकांच्या मनात हे वाक्य पक्कं बसलेलं असतं, आणि ते बरोबरही आहे. चूक होते ती पुढच्या उडीत: हक्क तिचा नाही, म्हणजे ताबा माझा, म्हणजे मी केव्हाही जाईन. ही उडी मारायला कायद्याने जागा ठेवलेली नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचं कलम २८ घराच्या पाहणीबद्दल आहे. मालकाला पाहणीचा अधिकार आहे, पण वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन. आणि ही सूचना भाडेकरूइतकीच लायसन्सवर राहणाऱ्यालाही द्यायची आहे. नोंदणीच्या छापील मसुद्यात पाहणीचं जे कलम असतं, तेही वाजवी सूचनेचीच भाषा बोलतं.

आता पत्रात कायदा कसा आला आहे पाहा.

‘आपल्या करारात पाहणीचं कलम आहे. त्यात योग्य ती सूचना देऊन यावं असं आधीच लिहिलेलं आहे. योग्य म्हणजे किती आणि कशी, एवढंच लिहायचं राहिलं आहे. ते आपण दोघांनी ठरवू.’

बस. कलमाचा आकडा नाही, अधिनियमाचं नाव नाही, ‘अन्यथा कायदेशीर कारवाई’ नाही. ज्या कागदावर काकांची स्वतःची सही आणि अंगठ्याचा ठसा आहे, त्याच कागदाकडे तिने बोट दाखवलं. आणि करार मोडला असं म्हणण्याऐवजी करारात एक जागा मोकळी राहिली आहे असं म्हटलं. हे खरंही आहे. कायदा आणि करार दोन्ही ‘सूचना’ म्हणून थांबतात. ती किती आधी, तोंडी की लेखी, कोणाच्या येण्याची, हे ते सांगत नाहीत. बहुतेक भांडणं या मोकळ्या जागेतच होतात. मालक म्हणतो, ‘मी सांगितलं होतं की या आठवड्यात प्लंबर येईल.’ भाडेकरू म्हणतो, ‘या आठवड्यात म्हणजे कधी?’ दोघंही खोटं बोलत नसतात.

ती मोकळी जागा तिने अशी भरली:

‘येण्याच्या आदल्या दिवशी रात्री आठपर्यंत मला व्हॉट्सअॅप करावं. कोण येणार, किती वाजता, कशासाठी आणि साधारण किती वेळ, एवढं त्यात असावं. मी “या” असं उत्तर दिलं की ठरलं. माझं उत्तर आलं नाही तर एक फोन करावा. तोही उचलला गेला नाही तर त्या दिवशी येऊ नये. मला ती वेळ जमणार नसेल तर पुढच्या तीन दिवसांतली दुसरी वेळ मी स्वतःहून देईन.’

केंद्र सरकारने २०२१ साली आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना राज्यांपुढे ठेवला. त्यात मालकाने चोवीस तास आधी, लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून सूचना द्यावी, तीत दिवस, वेळ आणि कारण असावं, सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर येऊ नये, असं आहे. तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कोणाच्या दाराला लागू होत नाही. तिच्या मैत्रिणीने तो फोनवर पाठवला होता, आणि चोवीस तास माग म्हणून सांगितलं होतं. तिने मागितले नाहीत. रात्री आठचा मेसेज आणि सकाळी अकराचा प्लंबर, यात पंधरा तास होतात. हे कमी मागणं मला हुशारीचं वाटतं. पुण्यात प्लंबर ‘उद्या येतो’ म्हणाला तरी उपकार असतात, परवाची वेळ तो देत नाही. चोवीस तासांचा नियम पहिल्याच कामाला मोडला असता, आणि एकदा मोडलेला नियम पुन्हा उभा करणं फार कठीण.

आठ हा आकडाही असाच कामातून आला आहे. रात्रपाळीला निघण्याआधी ती फोन पाहते. एकदा वॉर्डात गेली की सकाळपर्यंत हाती लागत नाही. अकरा वाजता पाठवलेला मेसेज कायद्याच्या दृष्टीने कदाचित सूचना ठरेल, पण तिला कळलेलं काहीच नसेल. चारही तपशिलांना असंच काम आहे. ‘कोण’ विचारल्यामुळे काका एकटे की अनोळखी माणसासह हे कळतं. ‘किती वेळ’ विचारल्यामुळे झोप आधी उरकायची की नंतर, हे ठरवता येतं.

पण या परिच्छेदाचा कणा म्हणजे उत्तर न आल्यास येऊ नये, हे वाक्य. नीट पाहिलं तर इथे पत्र कायद्याच्या एक पाऊल पुढे गेलं आहे, आणि रसिकाने ते लपवू नये. कलम २८ सूचना मागतं. तिच्या ‘हो’ची वाट पाहायला सांगत नाही. तिने मात्र सूचनेचं रूपांतर परवानगीत केलं. एखादा चिवट घरमालक म्हणेल, ‘मग तू महिनाभर उत्तरच दिलं नाहीस तर?’ त्याच प्रश्नासाठी शेवटचं वाक्य आहे. तीन दिवसांतली दुसरी वेळ ती स्वतःहून देणार. जास्तीचं मागितलं तिथेच तिने स्वतःला बांधूनही घेतलं. ते वाक्य नसतं तर मी हा परिच्छेद एकतर्फी म्हटला असता.

हा नियम कामाला कसा येतो हे तपासायला मंगळवारचंच काम घेऊ. काकांच्या बाथरूमच्या छताला ओल आली होती. खालच्या मजल्यावर ओल दिसली की वरच्या बाथरूममध्ये नहाणी ट्रॅपच्या भोवतीची किंवा फरशीच्या सांध्यांची गळती असण्याचा संभव असतो. काका घाबरले, प्लंबर हाताशी होता, वर गेले. पण असं अवचित जाऊन प्लंबरला कळलं काय? फारसं काही नाही. पाणी कुठून झिरपतं ते पाहायचं तर फरशी आधी कोरडी हवी. मग ट्रॅप बुजवून फरशीवर थोडं पाणी साठवायचं, काही तास तसंच ठेवायचं आणि खाली डाग वाढतो का ते बघायचं. गळती फरशीतून असेल तर डाग वाढतो. न वाढला तर ट्रॅप मोकळा करून किंवा नळ चालू करून पुन्हा बघायचं. या सगळ्या वेळात वर राहणाऱ्याने बाथरूम वापरायचं नाही. म्हणजे हे काम तिच्या मदतीशिवाय होणारच नाही. ‘उद्या सकाळी अकरा, मी आणि प्लंबर, ओल तपासायला, चार तास’ असा मेसेज गेला असता तर तिने ड्युटीवरून येऊन आधी अंघोळ उरकली असती, बादल्या हलवल्या असत्या आणि ती मैत्रिणीकडे जाऊन झोपली असती. सव्वादोनला तिची झोप मोडली ती मोडली, आणि काकांची ओलही तशीच राहिली. पत्रात यातलं काही लिहिलेलं नाही. पण ‘किती वेळ’ हे दोन शब्द त्यासाठीच आहेत, असं मला वाचताना वाटलं.

ओल हळूहळू वाढते. ती तातडीची बाब नाही. तातडीची बाब कोणती, हे पत्र वेगळं सांगतं:

‘पाणी वाहत असेल, गॅसचा वास येत असेल, धूर दिसत असेल किंवा शॉर्टसर्किट झालं असेल तर थांबू नये. वॉचमनला किंवा समोरच्या काकूंना सोबत घ्यावं, मला फोन लावत लावत लॅच उघडावं. फोन लागला नाही तरी यावं. काय केलं ते नंतर कळवावं.’

‘लावत लावत’ या द्विरुक्तीत घाई आहे, दोन्ही हात कामात आहेत. पत्रात इतरत्र वाक्यं कशी शांत चालतात, इथे ती धावतात. पण माझं लक्ष यादीकडे आहे. चार गोष्टी, आणि पुढे ‘इत्यादी’ नाही. मराठी अर्ज लिहिणाऱ्याला ‘वगैरे’चा मोह आवरणं किती कठीण! इथे ‘वगैरे’ पडलं असतं तर पुढच्या पावसात उघडी खिडकी त्यात बसली असती. यादीतल्या चारही गोष्टी दाराबाहेरून किंवा खालच्या घरातून नाकाला, डोळ्यांना कळतात. त्यासाठी आधी आत डोकावून बघावं लागत नाही. ‘आत काही झालं असेल का, बघून येतो’ या सबबीला वाव राहत नाही. आणि जुलैत मानलेल्या आभारांचा हिशेब इथे न बोलता पुरा होतो: खिडकी यादीत नाही. पुढच्या वेळी काका फोन करतील, ती म्हणेल, ‘जा, लावा,’ आणि माया जशीच्या तशी राहील. समोरच्या काकूंना सोबत घेण्याची अट काकांवरच्या संशयातून आलेली नाही. नंतर कपाटातलं काही सापडेनासं झालं तर काकांवर बोट जाऊ नये, म्हणून एक साक्षीदार.

घर दाखवण्याबद्दल तिने थोडक्यात उरकलं आहे. करार संपत आला की शेवटच्या महिन्यात, ती घरात असताना, रविवारी चार ते सहा. यावर बोलण्यासारखं फार नाही, मागणी रास्त आहे.

पत्रात एक भोक मात्र आहे. ‘संध्याकाळी सातनंतर शक्यतो काम ठेवू नये.’ इतका वेळ प्रत्येक शब्द मोजून टाकणाऱ्या हाताने इथे ‘शक्यतो’ का टाकावं? बहुधा सलग इतके ‘येऊ नये’ लिहिल्यावर तिलाच अवघडल्यासारखं झालं असावं, एखादं वाक्य मऊ असावं असं वाटलं असावं. पण मऊपणाची ही जागा नव्हती. एकट्या बाईच्या घरी अंधार पडल्यावर अनोळखी कारागीर येणं, याच गोष्टीला पक्की ओळ हवी होती. ‘शक्यतो’ हा शब्द मालकाच्या हाती दिला की अशक्य काय ते मालक ठरवतो. मऊपणा दाखवायचाच होता तर तो दुसरीकडे कुठे दाखवायला जागा होती.

पत्र दिलं कसं, हाही मला पत्राचाच भाग वाटतो. मंगळवारी संध्याकाळी तिने रागाने व्हॉट्सअॅपवर लिहायला घेतलं होतं, आणि पुसलं. रविवारी सकाळी दोन प्रती घेऊन ती खाली गेली. भाड्याच्या तारखेला गेली नाही, कारण भाडं आणि तक्रार एका हाताने दिली की सौदा वाटतो. भाडं अडवून धरण्याचा सल्लाही तिला मिळाला होता. तो ऐकला असता तर थकबाकीदार तीच ठरली असती आणि दाराचा विषय बाजूला पडला असता. पत्राच्या तळाशी लिहिलं आहे: ‘मान्य असेल तर दुसऱ्या प्रतीवर सही करून पोच द्यावी. काही बदल हवे असतील तर तिथेच पेनाने करावेत.’ पेनाने बदल करायला सांगणं म्हणजे आपल्या मसुद्यावर दुसऱ्याचा हात चालू देणं. लिहिणाऱ्या माणसाला हे सोपं जात नाही.

काकांनी पोच दोन दिवसांनी दिली, आणि पेन चालवलं. ‘शक्यतो’ त्यांनी तसंच ठेवलं, ते त्यांच्या सोयीचं होतं. पण समासात बारीक अक्षरात लिहिलं: ‘मी गावी असताना चावी मुलाकडे असते. त्यालाही हे लागू.’ पत्रभर ‘तुम्ही यावं, तुम्ही कळवावं’ असं होतं. नियम एका माणसाला बांधत होता, आणि चावी तर हातोहाती फिरते. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही दोन वाचनांत आलं नव्हतं. काकांच्या आलं, कारण चावी कोणाकोणाकडे जाते ते त्यांनाच माहीत. तिने समासातल्या त्या ओळीखाली सही केली, ‘शक्यतो’ खोडू का म्हणून विचारलं, काकांनी ‘राहू दे गं’ म्हटलं, आणि तिने ते राहू दिलं. इथे मी असतो तर अडून बसलो असतो.